भार सरळ खाली, अँगल मात्र तिरका वाकतो: असमान अँगलचा बेंडिंग स्ट्रेस काढण्याआधी

प्रश्न: सर, मी पिंपरीत एका कन्सल्टंटकडे ज्युनिअर आहे. पाइप टांगायला १२५×७५×१० चा अँगल घेतलाय, १२५ ची बाजू उभी, स्पॅन ३ मीटर, दोन्ही टोकांना साधा आधार, स्वतःच्या वजनासकट एकूण भार ८ किलोन्यूटन. टेबलातला Ixx घेऊन M·y/I ने साधारण ८१ एमपीए आला. आमच्या सरांनी "आधी प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया आणि प्रिन्सिपल अक्ष काढ, मग स्ट्रेस बघ" असं लिहून शीट परत पाठवली. भार तर सरळ खाली आहे, मग हे कशाला? आणि Ixy चं चिन्ह माझं दर वेळी चुकतं.

उत्तर: तुमच्या सरांनी शीट परत पाठवली ते योग्यच केलं. या अँगलला बाजूने कुठेही धरलेलं नसेल, तर सगळ्यात जास्त स्ट्रेस ८१ नाही, १०८ एमपीए आहे. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. तुमच्या पद्धतीने खालच्या आडव्या बाजूच्या टोकाला ताण दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे दाब असतो. आकडा कमीजास्त येणं एकवेळ समजू शकतं, पण चिन्हच उलटं येत असेल तर तो अँगल कसा वागतोय हेच आपल्याला कळलेलं नाही.

आधी कारण बघू, सूत्रं नंतर. M·y/I वापरताना आपण मनात एक गोष्ट गृहीत धरतो: सेक्शन आडव्या अक्षाभोवती वाकतो, त्यामुळे एका उंचीवरच्या सगळ्या बिंदूंना सारखाच स्ट्रेस. आता तुमच्या अँगलकडे समोरून बघा. उभी बाजू डावीकडे, आडवी बाजू तळाशी आणि उजवीकडे गेलेली. या गृहीतानुसार दाब सगळा वर, म्हणजे डावीकडच्या उभ्या बाजूत. ताणाचा बराचसा भाग तळाच्या आडव्या बाजूत, म्हणजे उजवीकडे. दाबाचं बल डावीकडे आणि ताणाचं बल उजवीकडे असलं की त्यांची जोडी फक्त आडव्या अक्षाभोवती मोमेंट देत नाही, उभ्या अक्षाभोवतीही देते. बाहेरून मात्र उभ्या अक्षाभोवती कोणताच मोमेंट आलेला नाही, कारण भार फक्त खाली आहे. म्हणजे आपण कल्पिलेली स्ट्रेसची मांडणी समतोलातच नाही. ती तशी राहू शकत नाही. सेक्शनला तिरकं वाकून असा स्ट्रेस तयार करावा लागतो की उभ्या अक्षाभोवतीची बेरीज शून्य होईल.

ही न जुळणारी बेरीज किती मोठी आहे, ते सांगणारी राशी म्हणजेच प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया. प्रत्येक छोट्या तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा x गुणिले त्याचा y, या सगळ्यांची बेरीज. आय सेक्शन किंवा चॅनेलमध्ये एका अक्षाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे तुकडे असतात, त्यामुळे बेरीज शून्य होते आणि M·y/I बिनधास्त चालतं. अँगलमध्ये तशी सोय नाही. समान अँगलला निदान ४५ अंशावर एक सममितीचा अक्ष तरी असतो, असमान अँगलला तोही नाही. म्हणून प्रिन्सिपल अक्ष कुठे आहेत ते हिशोब करूनच शोधावं लागतं.

आता तुमचाच अँगल घेऊ. आतल्या कोपऱ्याची गोलाई मी सोडून देतो आणि दोन आयत धरतो. टेबलात या अँगलचं क्षेत्रफळ १९.०२ चौ.सेमी आहे, दोन आयतांचं १९.०० येतं. म्हणजे समजून घेण्यासाठी एवढं पुरेसं आहे. अंतिम शीटमध्ये टेबलातलीच मूल्यं वापरा, ती थोडी वेगळी असतील.

बाहेरचा खालचा कोपरा, जिथे दोन्ही बाजू मिळतात, तो मूळबिंदू. x उजवीकडे, y वर. पहिला आयत उभा: १०×१२५, क्षेत्रफळ १२५० चौ.मिमी, त्याचं केंद्र (५, ६२.५). दुसरा आडवा: कोपऱ्याचा तुकडा दोनदा मोजायचा नाही म्हणून ६५×१०, क्षेत्रफळ ६५०, केंद्र (४२.५, ५). यावरून सेंट्रॉइड कोपऱ्यापासून उजवीकडे १७.८३ मिमी आणि वर ४२.८३ मिमी. लक्षात घ्या, हा बिंदू उभ्या बाजूच्या जाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत आहे. अँगलमध्ये हे नेहमीचंच.

सेंट्रॉइडमधून जाणाऱ्या आडव्या आणि उभ्या अक्षांभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया तुम्हाला काढता येतोच, म्हणून फक्त उत्तरं देतो. Ix = ३०.४७ लाख मिमी⁴ आणि Iy = ८.४१ लाख मिमी⁴.

Ixy मात्र सावकाश करू, कारण तुमची अडचण तिथे आहे. आयताची स्वतःच्या केंद्राभोवतीची Ixy शून्य असते, त्यामुळे फक्त स्थानांतराचा भाग उरतो: क्षेत्रफळ गुणिले सेंट्रॉइडपासूनचं x गुणिले सेंट्रॉइडपासूनचं y. इथे चुका होतात त्या एकाच कारणाने. Ix काढताना अंतराचा वर्ग होतो, म्हणून चिन्हाची काळजी न करण्याची सवय हाताला लागते, आणि तीच सवय Ixy मध्ये नडते. अंतर नेहमी "तुकड्याचं केंद्र वजा सेंट्रॉइड" याच क्रमाने, चिन्हासकट लिहा.

उभ्या आयतासाठी x = ५ − १७.८३ = −१२.८३, y = ६२.५ − ४२.८३ = +१९.६७. गुणाकार ऋण, १२५० ने गुणून −३.१५ लाख. आडव्या आयतासाठी x = ४२.५ − १७.८३ = +२४.६७, y = ५ − ४२.८३ = −३७.८३. हाही ऋण, ६५० ने गुणून −६.०७ लाख. एकूण Ixy = −९.२२ लाख मिमी⁴.

दोन्ही तुकडे एकाच चिन्हाचे आले हा योगायोग नाही. दोनच तुकडे असले की सेंट्रॉइड त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच असतो, म्हणून एक केंद्र वर-डावीकडे असेल तर दुसरं खाली-उजवीकडे असणारच. तुमच्या शीटमध्ये एक तुकडा धन आणि दुसरा ऋण आला, तर पुढे न जाता तिथेच थांबा. अंतराचं चिन्ह कुठेतरी चुकलंय. यावरून एक छोटी पडताळणीही मिळते, जी मी आजही करतो:

```
Ixy = (A1·A2 / A) · (x2 − x1) · (y2 − y1)
```

इथे १२५०×६५०÷१९०० म्हणजे ४२७.६३, गुणिले ३७.५, गुणिले −५७.५. उत्तर −९.२२ लाख. सेंट्रॉइड न काढताच तीच किंमत येते, त्यामुळे दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा जुळल्याची खात्री होते.

चिन्ह हिशोबाआधीच डोळ्यांनी ठरवता येतं. सेंट्रॉइडमधून आडवी-उभी रेघ मारा. लोखंड मुख्यतः वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे असेल तर Ixy ऋण, वर-उजवीकडे आणि खाली-डावीकडे असेल तर धन. अँगल आरशात उलटा केला, म्हणजे आडवी बाजू डावीकडे वळवली, की चिन्ह बदलतं. कागद अर्धा फिरवून अँगल उलटा टांगला तर चिन्ह तेच राहतं. अनेक जण एका जुन्या शीटमधली Ixy उचलतात आणि साइटवर अँगल आरशातल्यासारखा लागलेला असतो. आकडा बरोबर असतो आणि प्रिन्सिपल अक्ष विरुद्ध बाजूला झुकतो.

आता अक्षाचा कोन:

```
tan 2θ = −2·Ixy / (Ix − Iy)
Iu, Iv = (Ix + Iy)/2 ± √[ ((Ix − Iy)/2)² + Ixy² ]
```

किमती घातल्यावर tan 2θ = ०.८३६, म्हणजे 2θ = ३९.९ अंश आणि θ जवळपास २० अंश, नेमका १९.९५. चिन्ह धन आहे, म्हणून जास्तीत जास्त इनर्शियाचा अक्ष u आडव्यापासून डावीकडे फिरवत, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, २० अंशावर. Iu = ३३.८२ लाख आणि Iv = ५.०६ लाख. दोघांची बेरीज ३८.८८ लाख, आणि Ix + Iy पण ३८.८८ लाख. ही बेरीज अक्ष कितीही फिरवला तरी बदलत नाही, म्हणून ती जुळली नाही तर शोध आधी इथूनच सुरू करा.

कोनाचीही डोळ्यांनी पडताळणी करा. कमीत कमी इनर्शियाचा अक्ष v हा u ला काटकोनात, म्हणजे उभ्या रेषेपासून २० अंश डावीकडे झुकलेला. तो उभ्या बाजूच्या माथ्याकडून आडव्या बाजूच्या टोकाकडे उतरायला हवा, कारण लोखंड त्याच तिरक्या रेषेच्या आसपास पसरलंय आणि त्या रेषेपासून सगळ्यात कमी दूर आहे. तुमच्या चित्रात v अक्ष याच्या उलट्या अंगाला, म्हणजे कोपऱ्याला ओलांडून जाणारा दिसला, तर Ixy चं चिन्ह उलटं आहे.

एक्सेलमध्ये हे करत असाल तर साधं ATAN वापरू नका. Ix हा Iy पेक्षा लहान असेल, म्हणजे अँगल आडवा ठेवला असेल, तर ATAN तुम्हाला मोठ्या अक्षाऐवजी लहान अक्षाचा कोन देतं आणि सांगतही नाही. हे लिहा:

```
=DEGREES(0.5*ATAN2(Ix-Iy, -2*Ixy))
```

एक्सेलच्या ATAN2 मध्ये आडवा घटक आधी आणि उभा नंतर असतो. पायथनसारख्या भाषांमध्ये क्रम नेमका उलटा आहे. दुसरीकडून सूत्र उचलताना हे तपासा.

आता स्ट्रेस. भार लांबीभर सारखा पसरलेला धरला तर मोमेंट WL/8 = ८×३÷८ = ३ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे ३० लाख न्यूटन-मिमी. इथून दोन वाटा आहेत. एक म्हणजे मोमेंटचे u आणि v अक्षांवर घटक करून दोन्ही बेंडिंग स्ट्रेसची बेरीज करणं. दुसरी म्हणजे अक्ष न फिरवता थेट सूत्र:

```
σ = M · (Iy·y − Ixy·x) / (Ix·Iy − Ixy²)
```

यात वरचा दाब धन धरला आहे. स्ट्रेस काढायला मला ही दुसरी वाट आवडते, कारण बिंदूंचे x, y थेट ड्रॉइंगवरून वाचता येतात. पण पहिली वाट टाळू नका. अक्ष कुठे आहे हे माहीत नसेल तर या सूत्राने आलेलं उत्तर बरोबर की चूक हे सांगता येत नाही. शिवाय बकलिंग तपासताना Iv लागतोच.

लाखांमध्ये काम केलं तर छेदाची किंमत ३०.४७×८.४०६ − ९.२२² = १७१.१. त्यावरून स्ट्रेस प्रत्येक मिमी उंचीला १.४७४ एमपीएने आणि उजवीकडे प्रत्येक मिमीला १.६१७ एमपीएने वाढतो. भार फक्त उभा असताना आडव्या दिशेतली वाढ उभ्यापेक्षा जास्त आहे. मला वाटतं ह्या एका वाक्यावर थोडा वेळ थांबावं.

आता कोपरे तपासू. न्यूट्रल अक्षापासून सगळ्यात दूरचा बिंदू कुठला ते आधी माहीत नसतं, म्हणून सगळे बाहेर आलेले कोपरे घ्या, अंदाजाने एक निवडू नका. उभ्या बाजूच्या माथ्यावर बाहेरचा कोपरा आणि आतला कोपरा असे दोन बिंदू आहेत. बाहेरच्याला ९२ एमपीए दाब येतो आणि फक्त १० मिमी आत, आतल्या कोपऱ्याला १०८.५. तुमच्या पद्धतीने दोन्हींना ८०.९ होता. खाली, जिथे दोन्ही बाजू मिळतात तिथे, तुमचा ताण ४२.२ होता, खरा ताण ९२ आहे. दुपटीहून जास्त. आणि आडव्या बाजूच्या टोकाला, जिथे तुम्ही ४२.२ ताण लिहिला असेल, तिथे तळाला २९ आणि वरच्या कडेला ४४ एमपीए दाब आहे.

पहिल्या वाटेने पडताळून बघा. मोमेंटचा u अक्षाभोवतीचा घटक ३×cos १९.९५° = २.८२, v अक्षाभोवतीचा ३×sin १९.९५° = १.०२ किलोन्यूटन-मीटर. माथ्याच्या आतल्या कोपऱ्याला पहिल्यातून ६६.६ आणि दुसऱ्यातून ४१.८ एमपीए, बेरीज १०८. खालच्या कोपऱ्याला पहिल्यातून २८.५ आणि दुसऱ्यातून ६३.५, बेरीज ९२. खालच्या कोपऱ्याचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. मोमेंटचा लहान घटक एक तृतीयांशच आहे, पण Iv इतका छोटा आहे की तिथला दोन तृतीयांशाहून जास्त स्ट्रेस त्याच घटकाने आणला. "कोन वीसच अंशाचा आहे, फरक थोडाच पडेल" असं म्हणणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो.

न्यूट्रल अक्ष आडवाही नाही आणि u अक्षावरही नाही. त्याचा उतार Ixy/Iy, म्हणजे आडव्यापासून सुमारे ४७.६ अंश, उजवीकडे उतरणारा. उभ्या बाजूचा माथा आणि आडव्या बाजूचं टोक दोन्ही त्याच्या वर, म्हणून दोन्ही दाबात. खालचा कोपरा एकटा दुसऱ्या अंगाला, म्हणून तो ताणात. एकदा ही तिरकी रेघ चित्रात काढली की टोकाचं चिन्ह का उलटलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता स्ट्रेसपुरतं बोलायचं तर तुमचा अँगल पास होतो. १०८.५ ला १.५ ने गुणून १६३, आणि २५० ग्रेडच्या स्टीलला १.१ ने भागून २२७. अँगलची बाजू १२५/१० = १२.५ पट जाडी असल्यामुळे IS 800 च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे तो सेमी-कॉम्पॅक्ट गटात पडतो, म्हणजे प्लास्टिक मॉड्युलसचा फायदा घ्यायचा नाही, हाच इलॅस्टिक स्ट्रेस धरायचा. लॅटरल-टॉर्शनल बकलिंगची तपासणी वेगळी करावी लागेल, ती यात नाही.

पण खरी अडचण डिफ्लेक्शनमध्ये आहे. Ix घेऊन मध्यावर ४.६ मिमी येतं आणि तुमच्या शीटमध्ये बहुधा तेच असेल. प्रत्यक्षात उभ्या दिशेत कामाला येणारी इनर्शिया ३०.४७ लाख नसून (Ix·Iy − Ixy²)/Iy, म्हणजे २०.३५ लाख आहे. त्यामुळे खाली ६.९ मिमी, आणि त्याबरोबर बाजूला ७.६ मिमी. बाजूला सरकतो तो उभ्या बाजूच्या पाठीकडे, म्हणजे आडवी बाजू जिकडे तोंड करून आहे त्याच्या विरुद्ध.

हे मी साइटवर पाहिलंय. भोसरीकडच्या एका शेडमध्ये पाइपच्या रांगेसाठी असेच अँगल लावले होते. पाण्याने पाइप भरल्यावर फोरमनने दोरी लावून बघितली तर रांग मधे मधे एका बाजूला गेलेली. सगळ्यांना वाटलं, वाकडा माल आला. एक अँगल काढून नवा लावला, तो जमिनीवर दोरीला अगदी सरळ होता. भार आल्यावर तोही त्याच बाजूला, जवळपास तेवढाच सरकला. भार काढला की परत सरळ. वाकडा माल आणि तिरकं बेंडिंग यांतला फरक असा ओळखता येतो: वाकडा माल भाराशिवायही वाकडा असतो आणि प्रत्येक नग वेगळ्या बाजूला असतो, तर तिरकं बेंडिंग प्रत्येक नगाला एकाच बाजूला नेतं, पाठीकडे. तिथे उपाय फार साधा निघाला. शेजारच्या दोन अँगलच्या पाठी एकमेकींकडे ठेवून मधे तीन ठिकाणी जोड दिले. दोघांचं सरकणं एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून जोडात ते एकमेकांना अडवतात.

इथे साहजिकच पुढची शंका येते: मग M·y/I कधीच बरोबर नसतं का? असतं, जेव्हा अँगलला पूर्ण लांबीभर बाजूला जाऊ दिलेलं नसतं. स्लॅबमध्ये रुतलेला, डेकला जवळजवळ अंतराने वेल्ड केलेला, किंवा अशीच आडव्या दिशेत घट्ट असलेली गोष्ट त्याला धरून ठेवत असेल, तर तो फक्त खालीच वाकू शकतो आणि तुमचे ८१ आणि ४२ खरे ठरतात. पण सुरुवातीला सांगितलेला उभ्या अक्षाभोवतीचा न जुळणारा मोमेंट त्या वेळी धरणाऱ्या गोष्टीला द्यावा लागतो. तो M·Ixy/Ix, म्हणजे ३ पैकी ०.९१ किलोन्यूटन-मीटर. भाराच्या भाषेत, उभ्या भाराच्या ३० टक्के आडवा भार, तुमच्या बाबतीत पूर्ण लांबीवर मिळून २.४ किलोन्यूटन. वेल्ड किंवा बोल्ट तेवढा आडवा भार घेऊ शकतात की नाही ते दाखवल्याशिवाय "बाजूने धरलेला आहे" असं शीटवर लिहू नका. मधल्या एकाच बिंदूला धरणं म्हणजे पूर्ण धरणं नव्हे. तिथे आडव्या दिशेसाठी वेगळा बीम म्हणून हिशोब करावा लागतो.

तुमच्या पाइपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा: रॉड कुठून लटकतात. अँगलचा शिअर सेंटर दोन्ही बाजूंच्या मध्यरेषा जिथे मिळतात तिथे असतो, म्हणजे कोपऱ्यापासून ५ मिमी आत. उभ्या बाजूला भोक पाडून क्लॅम्प लावला तर भार जवळपास तिथूनच जातो आणि पीळ नगण्य राहतो. पण आडव्या बाजूत पाठीपासून ४० मिमीवर भोकं असतील, तर भार शिअर सेंटरपासून ३५ मिमी दूर. प्रत्येक टोकाला ०.१४ किलोन्यूटन-मीटर टॉर्क, सुमारे २२ एमपीए शिअर स्ट्रेस, आणि मध्यावर सव्वा अंशाच्या आसपास पीळ. वर काढलेले बेंडिंगचे आकडे पीळ नाही असं धरून आहेत, म्हणून शक्य असेल तर भोकं उभ्या बाजूतच घ्या.

टेबलाबद्दल. IS 808 मध्ये असमान अँगलसाठी Iu, Iv आणि tan α दिलेले असतात, म्हणजे बहुतेक वेळा वरचं गणित हाताने करावंच लागत नाही. Ixy हवी असेल तर ती (Iu − Iv)/2 गुणिले sin 2α अशी निघते. या सूत्रातून फक्त मूल्य मिळतं, चिन्ह नाही. ते तुमच्या चित्रातला अँगल कसा ठेवलाय त्यावरूनच ठरवायचं.

स्टाडमध्ये मॉडेल करत असाल तर एक जपा. एकेरी अँगलचे लोकल अक्ष तिथे बाजूंना समांतर नसतात, प्रिन्सिपल अक्षांवर असतात. बीटा शून्य ठेवला तर थ्रीडी चित्रात अँगल तिरका उभा दिसतो, आणि भार ग्लोबल दिशेत खाली दिला तरी तो वेगळ्याच अँगलचा हिशोब होतो. बाजू उभी-आडवी करण्यासाठी `BETA ANGLE` किंवा `BETA RANGLE` वापरा आणि रेंडर केलेल्या चित्रात आडवी बाजू साइटप्रमाणे डावीकडे आहे की उजवीकडे ते बघा. मग मध्यावरचं आडवं डिफ्लेक्शन वाचा. भार फक्त खाली असताना ते शून्य आलं आणि तुम्ही बाजूचा कोणताही आधार दिलेला नाही, तर अँगल तुम्हाला वाटतो तसा मॉडेलमध्ये बसलेला नाही.

अजूनही हे आकड्यांपुरतंच वाटत असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीतून अॅल्युमिनियमचा पातळ असमान अँगल मीटरभर आणा. दोन स्टुलांवर टोकं ठेवा, मोठी बाजू उभी, आणि उभ्या बाजूच्या मध्यावर भोक पाडून पाण्याची बाटली लटकवा. वरून बघितलंत तर तो कुठल्या बाजूला सरकतो ते दिसेल. मग आडवी बाजू दुसऱ्या अंगाला वळवून ठेवा, सरकण्याची दिशाही बदलेल. Ixy चं चिन्ह बदलतं म्हणजे काय होतं, ते तुमच्या हातात दिसेल. त्यानंतर शीटमध्ये १०८, ९२ आणि टोकाचे ४४ हे तीन आकडे, न्यूट्रल अक्षाची तिरकी रेघ आणि बाजूचं ७.६ मिमी डिफ्लेक्शन लिहून सरांकडे पाठवा.